एकरूपतेच्या सिद्धतेला गुण द्यायचे कसे? : वाचकांची प्रश्नोत्तरे

त्रिकोणांच्या एकरूपतेची स्वाध्यायपत्रिका वर्गात दिली की पंधरा दिवसांत तेच ते प्रश्न माझ्याकडे येऊ लागतात. मागच्या वर्षी आले होते, यंदाही आले. मी तीस वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात नववी-दहावीला भूमिती शिकवली. त्या भांडवलावर ही उत्तरे.

"मुलाने 'बाबाबा' न लिहिता इंग्रजीत SSS लिहिलं. गुण कापायचे का?" (शिक्षिका, देवगड)

नाही.

"माझ्या मुलीने आकृतीतल्या बाजू पट्टीने मोजल्या, समान आल्या म्हणून एकरूप लिहिलं. बाईंनी शून्य दिलं. उत्तर तर बरोबरच आहे ना?" (पालक, गुहागर)

बाईंचं बरोबर आहे. पट्टीने त्या कागदावरचा एक त्रिकोण मोजला जातो, विधान सगळ्या त्रिकोणांबद्दल असतं. तरी तिने पक्ष आणि साध्य नीट लिहिलं असेल, तर त्याचे गुण योजनेत वेगळे ठेवलेत का, हे बाईंना एकदा विचारा. भांडायला मात्र जाऊ नका.

"क्लासमध्ये सांगितलं की दोन बाजू आणि एक कोन जुळला की झालं, बाकोबा लिहून टाकायचं. शाळेत मात्र गुण गेले." (विद्यार्थी, मालवण)

असं सांगणाऱ्याला आधी कंपास घेऊन बसवा. A पाशी 30 अंशांचा कोन काढ. त्याच्या एका भुजेवर AB 8 सेंमी घे. आता B वर कंपासचं टोक ठेवून 5 सेंमी त्रिज्येचा कंस मार. दुसऱ्या भुजेला तो दोन ठिकाणी छेदतो, A पासून साधारण 3.9 आणि 9.9 सेंमीवर. दोन्ही त्रिकोणांत तोच कोन, त्याच दोन बाजू, आणि त्रिकोण मात्र अगदी वेगळे. कोन त्या दोन बाजूंच्या मधला असेल तरच बाकोबा. काटकोन असेल तर कर्णभुजा लागू पडते, तिथे एक बाजू कर्णच असावी लागते.

गुण देताना, जुळवलेल्या जोड्या खऱ्या असतील तर त्यांचे गुण द्यावेत. कसोटीचा आणि पुढच्या निष्कर्षाचा गुण जावा. तुझ्या वहीत बाईंनी तसंच केलंय का, ते त्यांच्याकडूनच समजून घे.

"समद्विभुज त्रिकोणाच्या प्रमेयावर आम्ही तीन शिक्षकांनी एकच पेपर तपासला. एकाने 6, एकाने 5 आणि मी 3 गुण दिले. ओळी तर सगळ्या खऱ्या होत्या." (गणित शिक्षक, दापोली)

तुमचे 3 बरोबर. इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण सगळ्या गोंधळाचं मूळ इथेच आहे.

साध्य असं आहे: AB = AC असेल, तर कोन B = कोन C. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मुलाने D हा BC चा मध्यबिंदू घेऊन AD जोडली. मग लिहिलं: AB = AC (पक्ष), कोन B = कोन C (समद्विभुज त्रिकोणाचे कोन), BD = CD (रचना). बाकोबाने त्रिकोण ABD आणि ACD एकरूप, म्हणून कोन B = कोन C. अक्षर सुंदर, कारणांचा रकाना भरलेला. आणि सिद्ध काहीच झालं नाही, कारण जे शेवटी मिळवायचं तेच दुसऱ्या ओळीत फुकट घेतलं.

सहा गुणांची तुमची योजना रचनेला 1, तीन जोड्यांना 3, कसोटीला 1, निष्कर्षाला 1 अशी आहे. ओळी मोजणारा शिक्षक या पेपरला सहापैकी सहा देतो, आणि योजनेवर बोट ठेवून देतो. म्हणून योजनेत एक वाक्य वाढवा: *साध्य किंवा साध्यावर टेकलेलं विधान कारण म्हणून वापरलं, तर त्या ओळीचा आणि तिच्या आधाराने पुढे आलेल्या ओळींचा गुण नाही.* मग रचनेचा 1 आणि दोन खऱ्या जोड्यांचे 2 उरतात. तेच तुमचे 3.

ओळखायचं कसं? मी पेन्सिलने समासात बाण काढते. प्रत्येक ओळ कुठून आली तिकडे बाण. बाण पक्षाकडे, रचनेकडे किंवा आधी सिद्ध झालेल्या गोष्टीकडे गेला तर ठीक. खाली साध्याकडे वळला की वर्तुळ पूर्ण झालं.

हे दुसऱ्या एका चुकीशी मिसळू नका. एखादी मुलगी तिसरी जोडी AD सामाईक घेते, बाबाबा लावते, पण BD = CD पुढे कारण 'रचना' न लिहिता 'पक्ष' लिहिते. ती घसरली, पण वाट बरोबर आहे. तिचा एकच गुण जावा, 5 मिळावेत.

तिसरा प्रकार सर्वांत लबाड असतो. 'A मधून BC चा लंबदुभाजक काढा.' A मधून लंब काढता येतो, किंवा मध्यबिंदूला रेष जोडता येते. एकच रेष दोन्ही करते, हे आधी सिद्ध करावं लागतं. रचनेत एकच अट चालते. मध्यगा घेतली तर बाबाबा, कोनदुभाजक घेतला तर बाकोबा, लंब घेतला तर कर्णभुजा, आणि तिन्ही वाटांना पूर्ण गुण. (युक्लिडच्या पहिल्या पुस्तकात समद्विभुजाचं प्रमेय पाचवं आणि बाबाबा आठवी, आणि ती याच प्रमेयाच्या आधाराने येते. त्याच्या दरबारात मध्यगावाली सिद्धता वर्तुळात अडकली असती. शाळेत आपण कसोट्या कृतीने पटवून मान्य करतो, म्हणून मुलांना तो दंड नको.)

पहिल्या वर्षी मीसुद्धा असल्या पेपरला पूर्ण गुण दिले होते. एका वरिष्ठ बाईंनी माझ्यासमोर तो गठ्ठा परत उघडला, तेव्हा कानशिलं तापली. तुम्ही तिघं एकत्र बसा, पाच पेपर पुन्हा तपासा आणि फरक कुठल्या ओळीवर पडतो ते पाहा. परीक्षा मंडळाची असेल तर माझं ऐकू नका, नियामकांच्या सूचना पाळा.

"त्रिकोण AOB आणि COD एकरूप म्हणायचं होतं, मुलाने DOC लिहिलं. अक्षरं तीच आहेत." (शिक्षक, वेंगुर्ले)

अक्षरं तीच, जोड्या वेगळ्या. O हा AC आणि BD दोघांचा मध्यबिंदू असेल, तर A ची जोडी C शी आहे. DOC लिहिलं की ती D शी लागते, OA आणि OD समान ठरतात, आणि ते पक्षात कुठेच नाही. फक्त लिहिण्याचा क्रम चुकला असेल तर एकदाच एक गुण कापा, पुढे प्रत्येक ओळीला नव्हे. पण त्या चुकीच्या क्रमावरून त्याने चुकीचे कोन समान काढले असतील, तर निष्कर्षाचाही गुण जातो.

"बाजारात मिळणाऱ्या तयार पत्रिकांच्या संचात गुणदान तक्ताही असतो. तोच वापरला तर?" (शिक्षिका, राजापूर)

असा एक संच मी पाहिलाय. पाचपैकी 2 गुण 'सुबकता आणि मांडणी'ला, आणि कारणांना अर्धा. तो तक्ता शिक्षकाचा वेळ वाचावा म्हणून विकला जातो, मुलाचा विचार दिसावा म्हणून नाही. उत्तरसूचीत एकच पद्धत छापलेली असेल, तर लंबाने सोडवणारं पोर बिचारं कापलं जातं. प्रश्न हवे तर घ्या, तक्ता स्वतःचा करा आणि सहकाऱ्याला दाखवा.

"पत्रिका श्रावणात दिली, गणपतीच्या सुट्टीनंतर तपासायला घेतली. आता गुणदान योजना कशी करू?" (शिक्षक, कणकवली)

आता? पेपर पाहून केलेली योजना पहिल्या चार हुशार मुलांच्या मापाची होते. ती पत्रिका देण्याआधी करायची असते. निदान दहा पेपर न वाचता बाजूला ठेवा, उरलेल्यांवर योजना बसवा, मग त्या दहांवर ताडून पाहा. आणि मुलांना पेपर या आठवड्यातच परत द्या. पावसात दमट झालेल्या कागदावर लाल शाई फुटते, कुठल्या ओळीचा गुण गेला ते त्यांना वाचता यायला हवं.