दुसऱ्या टपरीचे वर्तमान मूल्य

‘मी वाणिज्य शाखेत शिकतो. वर्तमान मूल्याची, म्हणजे पुढे मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत काढण्याची, उदाहरणे सूत्राने सुटतात, पण त्या पैशाला मुळात का भागायचे आणि भागण्याचा दर कोण ठरवतो, हे उमगत नाही. अशा स्थितीत वित्तीय विश्लेषणाकडे वळावे का?’

प्रिय विद्यार्थी,

तुमच्या शंकेवर एका तरुण चहावाल्याची गोष्ट सांगतो. पहिली टपरी नीट चालू लागल्यावर त्याने एक लाख साठवले आणि दुसरी टपरी टाकायचे मनात घेतले. नव्या जागेचा करार तीन वर्षांचा होता. दूध, साखर, गॅस, भाडे आणि मदतनिसाचा पगार वजा जाता दरवर्षी ४०,००० उरतील, म्हणजे लाखाचे १,२०,००० होतील, असा हिशेब त्याने वहीत मांडला आणि हिशेबनीस असलेल्या बहिणीला दाखवला.

तिने एकच विचारले, “हा लाख टपरीत घातला नाहीस, तर त्याचे काय करशील?” तो म्हणाला, “पहिल्या टपरीचे कर्ज फेडेन. त्यावर १२ टक्के व्याज जाते.” “मग तोच तुझा दर,” ती म्हणाली.

आज कर्जात भरलेले १०० वर्षभरात ११२ ची देणी वाचवतात, म्हणून वर्षानंतर येणारे ११२ त्याच्या दृष्टीने आजच्या १०० एवढेच ठरतात. त्याने पहिल्या वर्षाच्या ४०,००० ना १.१२ ने एकदा भागले, दुसऱ्या वर्षाच्या रकमेला दोनदा आणि तिसऱ्या वर्षाच्या रकमेला तीनदा. ३५,७१४, ३१,८८८ आणि २८,४७१ मिळून सुमारे ९६,००० झाले, म्हणजे लाखही भरून निघत नव्हता. कर्ज ८ टक्क्यांचे असते, तर हीच बेरीज सुमारे १,०३,००० आली असती. दर पुस्तकातून येत नाही, तो हातातल्या दुसऱ्या पर्यायातून येतो. माझ्या मते या विषयातली सर्वांत मोठी चूक इथेच होते.

त्याला आठवले की, करार संपल्यावर गाडा आणि भांडी विकून १०,००० येतील. त्यांचे आजचे मूल्य ७,११८ धरल्यावर बेरीज लाखाच्या वर गेली आणि तो आनंदला. पण बहिणीने नव्या जागेवरून जाणारी माणसे आठवडाभर न्याहाळायला सांगितली, तेव्हा त्यातली बरीचशी त्याचीच रोजची गिऱ्हाइके निघाली. त्यामुळे पहिल्या टपरीचे वर्षाला ४,००० घटणार होते. ४०,००० च्या जागी ३६,००० घालताच बेरीज सुमारे ९३,६०० वर आली, आणि त्याने कर्ज फेडले.

भागाकार कोणीही करून देईल. विश्लेषकाचे बरेचसे काम त्या आठवडाभराच्या न्याहाळण्यासारखे असते. ओळखीच्या एखाद्या छोट्या व्यवसायाचा असाच हिशेब मांडून पाहा. ४०,००० खरे आहेत का, हे शोधण्यात मन रमले, तर या क्षेत्राकडे अवश्य वळा. केवळ सूत्र सुटल्याचेच समाधान वाटले, तर लेखांकनाचाही विचार करा.