डिपॉझिट उशिरा परत मिळतंय, नोटिशीत व्याज कसं मांडायचं?

प्रश्न: फ्लॅट सोडून पाच महिने झाले, घरमालक डिपॉझिट देत नाहीये. आता लेखी मागणी करणार आहे, त्यात व्याज लावता येतं का आणि किती टक्के लावू? करारात व्याजाबद्दल काहीच नाही, फक्त "बिनव्याजी डिपॉझिट" असं लिहिलंय.

लावता येतं, मी स्वतः 2024 मध्ये पुण्यात लावलं होतं. वकील नाहीये मी, पण पत्र पाठवायच्या आधी ओळखीच्या वकिलांकडून तपासून घेतलं होतं.

आधी त्या "बिनव्याजी"चं बघू, कारण मालक पहिलं तेच पुढे करणार. माझ्या करारात वाक्य असं होतं की बिनव्याजी डिपॉझिट जागेचा ताबा परत देताना परत केलं जाईल, म्हणजे बिनव्याजी ते मी राहत होतो तेवढ्या काळापुरतं, चाव्या दिल्यावर पैसे अडकवून ठेवले त्याला ते लागू होत नाही असं मी पत्रात सरळ लिहिलं. तुमचं वाक्य नीट वाचा हां, "उशीर झाला तरी व्याज देय नाही" असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर गोष्ट वेगळी, कारण करारानेच व्याज नाकारलेलं असेल तर खाली सांगतोय तो कायदा उपयोगाचा नाही.

तो कायदा म्हणजे व्याज अधिनियम 1978, कलम 3. लेखी करारानुसार पैसे ठराविक वेळी द्यायचे असतील तर त्या तारखेपासून कोर्ट व्याज देऊ शकतं, आणि तसं नसेल तर "मी व्याज मागणार आहे" असं ज्या लेखी नोटिशीत कळवलं त्यात दिलेल्या तारखेपासून. म्हणून पत्रात व्याजाचं वाक्य हवंच, नुसतं "माझे पैसे द्या" लिहून पाठवलं तर हा दुसरा रस्ता तुम्ही स्वतःच बंद करून घेता.

आता दर. लोक रागाच्या भरात 18 नाहीतर 24 टक्के ठोकतात आणि कुठून आणला विचारलं की गप्प. करारात दर नसेल तर या कलमाखाली कोर्ट चालू व्याजदराच्या वर जात नाही आणि तो चालू दर कायद्यात बँकांच्या ठेवींवरच्या दराशी जोडलाय, क्रेडिट कार्डाच्या नाही. म्हणून मी माझ्या बँकेचा चाव्या दिल्या त्या दिवशीचा एफडीचा दर धरला, 7 टक्के, आणि दरपत्रकाची प्रिंट सोबत जोडली. म्हणणं साधं होतं, पैसे वेळेत मिळाले असते तर मी ते इथे ठेवले असते. काही जण दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 34 लिहून 6 टक्के मागतात, पण ते दावा दाखल झाल्यानंतरच्या काळासाठी आहे, पत्राच्या तारखेपर्यंतच्या व्याजाला तो आधार बसत नाही.

हिशोब सरळव्याजाचाच करा, चक्रवाढ नको, हे कलम व्याजावर व्याज देत नाही. माझं डिपॉझिट 75,000, त्यातून शेवटचं लाइट बिल 2,000 मला मान्य होतं ते मीच वजा केलं, राहिले 73,000. (मान्य असलेली वजावट आधीच काढा, नाहीतर सगळा वाद त्या दोन हजारांवरच फिरत बसतो.) चाव्या 31 मे 2024 ला दिल्या आणि तेव्हाच व्हॉट्सअपवर "चाव्या मिळाल्या" असं मालकाकडून लिहून घेतलं होतं, तारखेचा पुरावा तोच. मधेच 20 ऑगस्टला त्यांनी अर्धे म्हणजे 36,500 पाठवले, त्यामुळे हिशोब दोन तुकड्यांत करावा लागला, सगळ्या रकमेवर शेवटपर्यंत व्याज लावलं असतं तर चूक लगेच सापडली असती.

```
73,000 × 7/100 × 81/365 = 1,134   (31 मे ते 20 ऑगस्ट)
36,500 × 7/100 × 82/365 =   574   (20 ऑगस्ट ते 10 नोव्हेंबर)
एकूण व्याज               = 1,708
```

दिवस मोजताना पहिला दिवस सोडायचा, शेवटचा धरायचा. पत्रात मजकूर साधारण असा होता:

"डिपॉझिटची बाकी रु. 36,500 व 10 नोव्हेंबर 2024 पर्यंतचे सरळव्याज रु. 1,708, एकूण रु. 38,208 पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत द्यावेत. व्याजाचा दर द.सा.द.शे. 7, आधार: सोबत जोडलेले बँकेचे मुदत ठेव दरपत्रक व व्याज अधिनियम 1978, कलम 3. यापुढे रक्कम मिळेपर्यंत रोज रु. 7 व्याज मागितले जाईल."

ते रोजचे 7 रुपये वाचून बायको हसली होती, पण ते वाक्य ठेवाच, नाहीतर पत्राच्या तारखेनंतरचं व्याज परत नव्याने मागत बसावं लागतं. स्पीड पोस्टाने पाठवा, डिलिव्हरीचा पुरावा जपून ठेवा आणि तेच पत्र व्हॉट्सअपवरही टाका.

माझ्या मालकाचा बाराव्या दिवशी फोन आला, "व्याज कसलं मागता हो" म्हणून थोडी कुरकुर केली, दर कुठून आला ते मात्र विचारलं नाही कारण प्रिंट समोरच होती, आणि संध्याकाळी 38,000 आले. वरचे 208 आणि बारा दिवसांचे 84 मी सोडून दिले.