ग्रुपला मेल टाकायचाय, पण म्हणतील ‘ही कोण लागून गेली लीडर!’

“मॅडम, स्टडी ग्रुपमधे सगळ्या केसेसच्या नोट्स मीच काढते, बाकीचे परीक्षेच्या आधी फक्त मागून घेतात. एक शेअर्ड डॉक करू, कामं वाटून घेऊ असा मेल टाकायचाय. पण टाकला तर म्हणतील ही स्वतःला लीडर समजते. काय करू?”

शब्द थोडे इकडचे तिकडे, पण हेच मी समुपदेशनात सेमिस्टर मध्यावर आलं की ऐकते. त्यातली सायली (नाव बदललंय) पुण्यात तीन वर्षांच्या एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला, पाचजणांचा ग्रुप, विषय संविधान.

तिने मेल लिहूनच आणला होता. सुरुवात अशी: “सॉरी, डिस्टर्ब करतेय, कुणाला पटत नसेल तर अजिबात फोर्स नाही, पण जमलं तर आपण कदाचित...”

मी विचारलं, “हे वाचून तुमच्या ग्रुपमधल्या रोहनला कळेल का उद्या त्याने काय करायचंय?”

“नाही.”

“मग हा मेल कशासाठी आहे?”

जरा वेळाने म्हणाली, “कुणी माझ्यावर चिडू नये यासाठी.”

पुढच्या वेळी उलटंच. गेल्या सेमला कुणी किती केसेस केल्या याचा पूर्ण हिशोब, नावानिशी. मी वाचून परत दिला तर स्वतःच हसली, “हे प्लेंट झालं ना मॅडम, कोर्टातला दावाच? आणि प्लेंट गेलं की समोरचा रिटन स्टेटमेंटच देणार, म्हणजे लेखी बचाव.” वकील होणार मुलगी, शंका नाही.

लोक काय म्हणतील यावर मी फार वेळ घालवत नाही. मी विवेकनिष्ठ पद्धतीने काम करते, तिथे “म्हणतील का?” पेक्षा “म्हणाले तर पुढे काय?” हा प्रश्न जास्त कामाचा. रोहन म्हणाला लीडर, बरं, मग? मग काही नाही, कँटीनमधे दोन दिवस चिडवतील. हे तिला पटलं, तरी मेल जाईना. म्हणजे अडलेलं दुसरीकडेच होतं.

म्हणून विचारलं, “समज मेल गेला, सगळे हो म्हणाले. ठरलेल्या तारखेला रोहनचं पान रिकामं आहे. तू काय करशील?”

“मी भरून टाकीन.”

“कधी?”

“त्याच रात्री.” आणि मग एकदम, “म्हणजे मी कितीही वाटून दिलं तरी सगळं मीच करणार आहे!”

या वाक्यासाठी मी थांबलेले असते. तिला वाटत होतं त्रास ग्रुपचा आहे, ग्रुप आळशी आहेच, त्यात वाद नाही, पण रिकामं पान तिला बघवत नाही हे बाकीच्यांना तिच्या आधी कळलं होतं. मी ते पहिल्या भेटीतच सांगू शकले असते. पण सांगितलेलं घरी जाईपर्यंत टिकत नाही, स्वतःच्या तोंडून आलेलं टिकतं, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव.

मग मेल लिहायला वेळ लागला नाही. एकच गोष्ट अडली, कामं कशी वाटायची. तिची आयडिया होती की एकाने सगळ्या केसेसचे फॅक्ट्स लिहायचे, दुसऱ्याने इश्यू, तिसऱ्याने रेशो, म्हणजे निकालामागचं कायद्याचं तत्त्व. दिसायला फेअर, पण ज्याने फॅक्ट्स वाचलेच नाहीत तो रेशो कुठून काढणार, तो सरळ गाईडमधून उतरवणार. त्यामुळे एक केस एकाचीच, पूर्ण, आणि तपासणारा दुसरा. शेवटी गेलेला मेल तिच्या परवानगीने देतेय:

“विषय: संविधानाच्या केसेसचं शेअर्ड डॉक, रविवारपर्यंत हो/नाही कळवा

हाय, आपल्या यादीत 20 केसेस आहेत, प्रत्येकी 4. वाटणी खाली आहे, हवी तर आपापसात बदला. एका केसला एक पान: फॅक्ट्स, इश्यू, निकाल, रेशो, बेंच किती जजेसचं, डिसेंट असेल तर कुणाचा, आणि केस आज लागू आहे की नंतर ओव्हररूल झाली.

लिहिणारा एक, तपासणारा दुसरा. तपासणाऱ्याने मूळ जजमेंट उघडून निकाल आणि रेशो पॅरा नंबरसकट बघायचा. चूक दिसली तर स्वतः बदलायची नाही, कमेंट टाकायची.

साचा आणि तारखा मी सांभाळते. दोन दिवस आधी सांगितलं तर अदलाबदल करू. नाहीतर राहिलेलं पान रिकामं राहील, मी भरणार नाही.

रविवारी रात्री 9 पर्यंत ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘हे बदला’ एवढंच लिहा. जे हो म्हणतील त्यांच्यात सोमवारी सुरू.”

व्हॉट्सअ‍ॅपवर का नाही, असं तिनेही विचारलं. तिथे चार अंगठे येतात आणि काम कुणाचंच होत नाही, दोन तासांत मेसेज वर निघून जातो. मेलला उत्तर द्यावं लागतं, आणि कोण काय कबूल झालं ते नंतर सापडतं.

‘आज लागू आहे का’ हा रकाना तिचा स्वतःचा, मला तो फार आवडला. एडीएम जबलपूरची केस 1976 ची, आणीबाणीत अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येणार नाही असं म्हणणारी, चार विरुद्ध एक, एकटे न्यायमूर्ती खन्ना वेगळं मत देणारे. नोट्स तिथेच थांबल्या तर पोरं पेपरात तोच कायदा लिहून येतात, आणि 2017 मधे पुट्टस्वामीच्या नऊ जजेसच्या बेंचने तो निकाल चुकीचा ठरवलाय हे राहूनच जातं.

तिघांचं हो आलं. एकीने सोबत लिहिलं, “जरा ऑफिशियल वाटतंय यार.” सायलीला लगेच लांबलचक खुलासा पाठवायचा होता, मी म्हटलं नको, तिने हो म्हटलंय ना, मग तेवढंच घे. रोहन गप्प. वाटणीत त्याचं नाव होतं, त्यामुळे त्याची पानं रिकामी राहिली. सायलीने मला रात्री मेसेज केला, “हात शिवशिवतायत.” मी उत्तर दिलं, “शिवशिवू देत.”

पाचव्या दिवशी त्याचा मेल आला, मला लिहायला जमत नाही, तपासायला दे. दिलं. आणि त्याने पहिली कमेंट टाकली ती सायलीच्याच पानावर! मनेका गांधींच्या केसमधे तिने लिहिलं होतं, पासपोर्ट जप्तीची ऑर्डर कोर्टाने रद्द केली. गाइडमधून आलेलं. रोहनने मूळ जजमेंट उघडलं होतं: 1978 चा निकाल, सात जजेस, कलम 21 मधली प्रोसिजर न्याय्य आणि वाजवी हवी हे तत्त्व त्यात आलंच, पण अ‍ॅटर्नी जनरलनी बाजू ऐकून घेण्याचं आश्वासन दिल्यामुळे बहुमताने ती ऑर्डर औपचारिकपणे रद्द केलीच नाही. तत्त्व मोठं आणि प्रत्यक्ष रिलीफ वेगळा, हाच फरक व्हायव्हात विचारतात.

सायली आधी चिडली, मग दुरुस्त केलं. कमेंटचा नियम होता म्हणून बरं, रोहनने परस्पर वाक्य बदललं असतं तर ती काय शिकली असती? रोहनच्या चार केसेस त्यांनी चौघांत एकेक वाटून घेतल्या, तिने स्वतःकडे एकच घेतली. दोन घ्यायच्या होत्या, ते मी विचारल्यावर कबूल केलं.

असा मेल टाकायचा असेल तर सेमिस्टरच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत टाका. परीक्षेला पंधरा दिवस राहिल्यावर कुणी मूळ जजमेंट उघडत नाही, तेव्हा तपासणारा नुसतं ‘ओके’ लिहितो, आणि कमेंट्समधे पॅरा नंबर दिसत नसेल तर समजा की तपासलेलं नाही. सातआठ जण असतील तर दोन डॉक करा. आणि रविवारपर्यंत एकाचंच हो आलं तर दोघांत दहा केसेस करा, बाकीच्यांना डॉकची लिंक द्यायची की नाही ते आधीच ठरवून मेलमधे लिहा, ऐनवेळी मागायला आले की नाही म्हणणं सायलीसारख्यांना जमत नाही.