आधी कॉम्प्रेसरची गळती मोजा

वर्कशॉपचा विजेचा खर्च कमी करायचा असेल, तर लेथ, ड्रिलकडे नंतर बघू. तुमचा ५ एचपीचा कॉम्प्रेसर आधी तपासा. संध्याकाळी बाकी सगळी मशिनं बंद करा, पण कॉम्प्रेसर चालू आणि हवेच्या लाइनचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवा. कुणी हवा वापरत नसताना मोटर किती वेळ चालते, किती वेळ थांबते, हे घड्याळ लावून चार-पाच फेऱ्या लिहून काढा. समजा २ मिनिटं चालली, ६ मिनिटं थांबली. म्हणजे ८ पैकी २ मिनिटं, कॉम्प्रेसरची पाव हिस्सा क्षमता नुसती गळतीत जातेय. मोटर साधारण ३.७ किलोवॅटची, म्हणजे तासाला जवळजवळ एक युनिट फुकट. जनरेटरवर असाल तर तेवढं डिझेल.

मग साबणाचं पाणी घेऊन प्रत्येक क्लिप, कपलर, ब्लो गनवर फिरवा, बुडबुडे दिसतीलच. पाइपमध्ये गळती क्वचित, बहुतेक वेळा कपलरचं वॉशरच गेलेलं असतं. दुरुस्तीनंतर पुन्हा मोजा. थांबण्याचा वेळ वाढला नसेल, तर टाकीचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बघा.

जेवणाच्या सुट्टीत मोटर बंद. आणि पोरांना ब्लो गननं कपडे झटकू देऊ नका. डोळ्यालाही धोका असतो. प्रेशर ८ बारवर असेल आणि काम ६ मध्ये भागत असेल, तर प्रेशर स्विचचं सेटिंग खाली आणा.