टीए-डीए : करमुक्त किती, करपात्र किती?

प्रश्न : मी नाशिकच्या कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर आहे. टूरवर असताना रोज १,५०० रुपये डीए मिळतो, बिले मागत नाहीत. मी नवी करप्रणाली घेतली आहे. मग सगळा डीए करपात्र झाला का?

नाही. नव्या प्रणालीत घरभाडेभत्ता, रजा प्रवास सवलत अशा बऱ्याच सवलती गेल्या, पण कामासाठीच्या प्रवासाचे तीन भत्ते वाचले आहेत. टूर किंवा बदलीचा प्रवासखर्च, नेहमीच्या कामाच्या ठिकाणापासून दूर असताना होणारा रोजचा खर्च म्हणजेच डीए, आणि कामासाठी फिरण्याचा वाहनभत्ता हे ते तीन. कलम १०(१४) आणि नियम २बीबी यांखाली ते दोन्ही प्रणालींत करमुक्त आहेत. (येथील सर्व उत्तरे आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या उत्पन्नासाठी, म्हणजे १९६१च्या कायद्यानुसार आहेत.)

मात्र सूट भत्त्याच्या रकमेला नसून प्रत्यक्ष झालेल्या खर्चाला आहे. समजा, वर्षात तुम्ही ९६ दिवस टूरवर होता. हॉटेलचे बिल कंपनीने परस्पर भरले आणि डीएपोटी तुम्हाला १,४४,००० रुपये मिळाले. जेवण, चहा-नाश्ता, कपडे धुणे यांवर दिवसाला सरासरी १,०५० रुपये गेले, तर खर्च झाला १,००,८००. तेवढी रक्कम करमुक्त. हातात उरलेले ४३,२०० रुपये पगाराच्या उत्पन्नात धरायचे. ‘डीए म्हणजे करमुक्त’ असे बहुतेक जण धरून चालतात आणि नेमकी ही उरलेली रक्कम विवरणपत्रात दाखवायची राहते.

दुसरी चूक कंपनीच्या बाजूने होते. टूर असो वा नसो, काही ठिकाणी दरमहा ठरावीक आकड्याचा डीए पगारात टाकतात. फेब्रुवारीत चार दिवस टूर, मार्चमध्ये अठरा, आणि डीए दोन्ही महिन्यांत तितकाच, असे पगारपत्रक पाहिल्यावर कर अधिकारी त्याला पगारच म्हणणार. भत्ता टूरच्या दिवसांना जोडलेला दिसला पाहिजे.

प्रश्न : वडापाव, रिक्षा, स्टँडवरचा चहा यांची बिले आणायची कुठून?

प्रत्येक कपाची पावती कोणी मागत नाही. पण खर्च झाला हे दाखवण्याची जबाबदारी शेवटी तुमची असते. त्यासाठी टूर संपल्याच्या दिवशीच एक पान लिहून ठेवा : तारीख, गाव, कोणत्या ग्राहकाकडे आणि कोणत्या कामासाठी गेलात, आणि जेवण, रिक्षा, इतर असे त्या दिवसाच्या खर्चाचे आकडे. यूपीआयने पैसे दिले असतील तर बँकेचा उतारा आपोआप साक्ष देतो. बसची तिकिटे फिकी पडतात, म्हणून त्यांचे फोटो काढा. वर्षअखेरीस आठवून लिहिलेला तक्ता लगेच ओळखू येतो : रोज गोल आकडे, एकच शाई, आणि कधी कधी रजेच्या दिवशीही टूर!

कंपनीपुरते पाहायचे तर सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली रजा प्रवास सवलत आणि वाहनभत्ता यांबाबत सांगितले की, कर्मचाऱ्याने पैसे खरोखर खर्च केले याचे पुरावे गोळा करण्याचे कायदेशीर बंधन मालकावर नाही. त्यानंतर २०१५च्या दुरुस्तीने रजा प्रवास सवलत, घरभाडेभत्ता अशा दाव्यांसाठी फॉर्म १२बीबीमध्ये तपशील घेणे मालकावर आले. टूरचा डीए त्या फॉर्ममध्ये नाही. म्हणून लेखा विभागाने बिले मागितली नाहीत, यावरून तुम्हालाही ती लागणार नाहीत असे समजू नका. चौकशी झाली तर नोटीस तुमच्याच नावाने येते.

प्रश्न : मी औषध कंपनीचा प्रतिनिधी आहे. स्वतःच्या मोटरसायकलवर फिरतो, किलोमीटरला ४ रुपये मिळतात. त्यावर कर लागतो का?

हे लॉगबुकवर ठरते. एका महिन्यात १,१५० किलोमीटर झाले आणि ४,६०० रुपये मिळाले असे धरू. गाडी केवळ कामासाठी वापरली आणि तशी नोंद असेल, तर करपात्र रक्कम शून्य. नोंदीत प्रत्येक फेरीची तारीख, ठिकाण, किलोमीटर आणि खर्च हवा. शिवाय हा खर्च पूर्णपणे कार्यालयीन कामाचा होता असे मालकाचे प्रमाणपत्र हवे. यातले एक जरी नसले तरी गाडीचा वापर मिश्र मानला जातो. मग नियम ३ प्रमाणे स्वतःच्या दुचाकीसाठी महिन्याला फक्त ९०० रुपये वजा होतात आणि ३,७०० करपात्र ठरतात. दर महिन्याला असेच झाले तर वर्षाला ४४,४०० रुपयांवर कर, आणि तोही केवळ वही न लिहिल्यामुळे.

लॉगबुकात ओडोमीटरचे सुरुवातीचे आणि शेवटचे वाचन लिहा. सर्व्हिसिंगच्या बिलावर गॅरेजवाला किलोमीटर टाकतो. तो आकडा तुमच्या वहीशी जुळला, तर वहीवर शंका घ्यायला जागा उरत नाही.

प्रश्न : पगारपत्रकात ‘कन्व्हेयन्स १,६००’ दिसते. हे करमुक्तच ना?

घर ते कार्यालय जाण्यायेण्यासाठी असेल तर नाही. महिन्याला १,६०० रुपयांची ती सूट २०१८-१९ पासून बंद झाली आणि त्याऐवजी प्रमाणित वजावट आली. दिव्यांग कर्मचाऱ्यांना महिन्याला ३,२०० रुपयांपर्यंतची सूट मात्र दोन्ही प्रणालींत आहे. नाव जुनेच राहिल्याने हा गोंधळ होतो. कामाच्या वेळेत बँक, ग्राहक, सरकारी कचेरी अशा फेऱ्यांसाठी मिळणारा भत्ता वेगळा. तो खर्चाइतका करमुक्त असतो.

प्रश्न : पुण्याहून नागपूरला बदली झाली. कंपनीने ट्रकचे भाडे, घराच्या दलालीचे पैसे आणि मुलाच्या शाळाप्रवेशाचा खर्च दिला. शिवाय घर मिळेपर्यंत दहा दिवस हॉटेलात ठेवले.

सामान बांधणे आणि वाहून नेणे बदलीच्या प्रवासखर्चातच मोडते, तेव्हा ट्रकचे भाडे करमुक्त. बदलीनिमित्त दिलेल्या हॉटेलच्या सोयीवर एकूण १५ दिवसांपर्यंत कर नाही, म्हणून तुमचे दहा दिवस सुटले. दलाली आणि शाळाप्रवेशाचा खर्च हे मात्र तुमचे घरगुती खर्च आहेत. ते कंपनीने दिले म्हणून करपात्र. आणखी एक बारकावा : बदलीतला डीए फक्त प्रत्यक्ष प्रवासाच्या काळापुरता करमुक्त आहे. नागपुरात हजर झाल्यावर तेच तुमचे कामाचे ठिकाण होते.

प्रश्न : कंपनीने फॉर्म १६ मध्ये सगळा डीए करपात्र दाखवून टीडीएस कापला. आता?

आधी कंपनीला टूरचा तक्ता देऊन चौथ्या तिमाहीचे टीडीएस विवरण आणि फॉर्म १६ दुरुस्त करायला सांगा. ते झाले नाही तरी तुमचा हक्क जात नाही. विवरणपत्रात पगाराच्या तक्त्यामध्ये करमुक्त भत्त्यांच्या यादीतून 10(14)(i) निवडा आणि प्रत्यक्ष खर्चाचाच आकडा भरा. फॉर्म १६ शी आकडा जुळणार नाही, त्यामुळे विचारणा येऊ शकते. रोजच्या खर्चाची ती पाने, तिकिटांचे फोटो आणि कंपनीचे टूर आदेश एकत्र जोडून उत्तर द्यायचे.