उघडी राहणारी वही

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझी नमुना वही मिळाली. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यांसाठी 90 दिवसांची रोजवही, म्हणून मी तिच्यात चार दिवस खरोखर लिहून पाहिलं. मुखपृष्ठ छान आहे, त्यावर वेळ घालवू नकोस. अडतंय ते आत.

आधी रेघा. तू 7 मिलिमीटरचं अंतर घेतलंस, ते इंग्रजी लिहायला पुरतं. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार. वरच्या ओळीत ‘मूल्य’ आणि बरोबर त्याखाली ‘पूर्वी’ आलं, की उकार रफारात अडकतो. घाईचं अक्षर असेल तर संध्याकाळी आपलंच लिहिलेलं आपल्याला लागत नाही. 9 मिलिमीटर घे. तुझ्या पानावर 26 रेघांच्या 20 होतील, होऊ देत. रेघांचा राखाडी रंग काळ्याचा 20 टक्के टिंट म्हणून देऊ नकोस. ऑफसेटला त्या टिंटचे ठिपके पडतात आणि बारीक रेघ तुटक दिसते. राखाडी शाई वेगळी मिसळून भरीव रेघ छापायला सांग.

आता प्रश्न. ‘आज अभ्यास कसा झाला?’ याला मी चारही दिवस ‘बरा’ असंच उत्तर दिलं. उत्तर एका शब्दात उरकता येत असेल तर चूक प्रश्नाची असते. त्याऐवजी ‘आज सरावातला कुठला प्रश्न चुकला, आणि तेव्हा मनात काय होतं?’ असं विचार आणि खाली तीन रेघा सोड. एका रेघेत उत्तर कोंबावं लागतं, आठ दिसल्या की लिहायचाच कंटाळा येतो. असे तीन प्रश्न डाव्या पानावर पुरेत. उजवं पान फक्त रेघांचं ठेव. ‘दिवस 1, दिवस 2’ हे छापील आकडे मात्र काढून टाक, तारखेची जागा कोरी ठेव. गावी जाऊन आल्यावर मधली पाच कोरी पानं डोळ्यांसमोर आली की वही कपाटात जाते.

आणि बांधणी. तू परफेक्ट बाइंडिंग केलंस, म्हणजे सुट्या पानांच्या कण्याला गरम गोंद. तो थंड झाला की कडक होतो आणि वही मिटायला बघते. अभ्यासिकेतल्या अरुंद टेबलावर एक हात वही दाबण्यात गेला तर लिहिणार कशाने? जुजबंदी कर, म्हणजे 16 पानांचे फर्मे दुमडून दोऱ्याने शिवायचे. रोजची दोन पानं धरून 180 होतात, 192 केलीस तर बरोबर 12 फर्मे बसतात आणि सुरुवातीला-शेवटी 12 पानं हाताशी राहतात. शिवलेल्या कण्यावर लवचीक पांढऱ्या गोंदाचा पातळ हात आणि जाळीचं कापड. कव्हर कण्याला चिकटवायचं नाही, पोकळ ठेवायचं. कणा वाकायला मोकळा राहिला तरच वही सपाट पडते.

इथे एक गोष्ट मी पैसे घालवून शिकलो. माझ्या पहिल्या वहीची शिलाई उत्तम होती, तरी पानं उभी राहायची. कागदाचे तंतू कण्याला आडवे गेले होते, आणि ते बघणं माझंच काम होतं. कागदाचा चौकोनी तुकडा एका बाजूने ओला कर. तो ज्या दिशेने नळीसारखा गुंडाळतो, त्या नळीच्या लांबीच्या दिशेने तंतू असतात. ते कण्याला समांतर हवेत. 23 × 36 इंची कागदातून साडेपाच बाय साडेआठची वही काढताना कणा 36 इंची बाजूने येतो, तेव्हा तंतूही त्याच बाजूने हवेत. कागद घेतानाच विचार, छापून झाल्यावर उपाय नाही.

बाइंडर नमुना दाखवताना वही हमखास एखाद्या फर्म्याच्या मधोमध उघडेल. फर्म्याच्या मध्यावर तर कुठलीही शिवलेली वही सपाट पडते! तू दोन फर्म्यांच्या सांध्यावर उघडून बघ, आणि चौथ्या-पाचव्या पानावरही. सुरुवातीला डावी बाजू पातळ, उजवी जवळजवळ सेंटीमीटरभर जाड, त्यामुळे उजव्या पानाच्या खालच्या कडेला मनगट पायरीवरून घसरतं. हे कुठल्याच बांधणीने जात नाही. म्हणून खाली 20 मिलिमीटर कोरे सोड आणि शिलाईकडे 15. मी वर 20 रेघा म्हटलं, त्या मग 19 होतील.

पुढची डमी छापू नकोस. त्याच कागदाचे कोरे फर्मे शिवून घे, प्रत्येक वहीच्या एका फर्म्यात हाताने रेघा मारून प्रश्न लिही आणि अभ्यासिकेतल्या तिघांना आठ-आठ दिवस वापरायला दे. वह्या परत आल्या की कोणता प्रश्न कोरा राहिला ते मला कळव.

तुझा,
काका