पाळीआधीची भूक आणि गोडाची ओढ

"पाळीच्या आठवडाभर आधी गोड खाल्ल्याशिवाय मला राहवतच नाही. जेवले तरी पोट भरत नाही. माझा मनावर ताबाच नाही का, मॅडम?"

सव्वीस वर्षांच्या एका मुलीने पहिल्याच भेटीत हे विचारलं. मी तिला दोन महिने एक साधी नोंद ठेवायला सांगितली: पाळीचा कितवा दिवस, गोड खावंसं किती वाजता वाटलं आणि त्याआधीच्या चार तासांत काय खाल्लं होतं.

तिचं चक्र साधारण अठ्ठावीस दिवसांचं. ओढ बाविसाव्या दिवसाच्या आसपास सुरू होऊन पाळी आली की दुसऱ्या दिवशी ओसरायची, आणि हे दोन्ही महिने तसंच घडलं. बीजकोशातून बीज बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं. इस्ट्रोजेन हे दुसरं संप्रेरक भूक आवरून धरतं, पण प्रोजेस्टेरॉनमुळे त्याचा हा परिणाम कमी होतो आणि पाळी जवळ आली की इस्ट्रोजेन स्वतःही उतरतं. शिवाय या दिवसांत शरीराचं तापमान किंचित चढलेलं असतं आणि विश्रांतीतही थोडी जास्त ऊर्जा खर्च होते. म्हणजे भूक खरीच वाढलेली असते. गोडच का हवं वाटतं, याचं एक स्पष्टीकरण मनःस्थितीशी जोडलेल्या सिरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाकडे बोट दाखवतं, पण ते अजून पुरतं सिद्ध झालेलं नाही. मला वाटतं, मोठा भाग सवयीचा आणि उपाशीपणाचा असतो.

तिच्या वहीत नेमकं तेच दिसलं. या दिवसांत वजनकाट्यावर किलोभर जास्त दिसलं की ती घाबरून नाश्ता सोडायची आणि दुपारी अर्धंच जेवायची. मग संध्याकाळी सहाला पाकीटभर बिस्किटं संपायची. ते किलोभर वजन मुख्यतः शरीरात साठलेल्या पाण्याचं होतं. पाळी सुरू झाल्यावर तीन-चार दिवसांत ते आपोआप उतरायचं, पण तोवर तिने स्वतःला शिक्षा करून झालेली असायची.

आम्ही दोनच गोष्टी बदलल्या. त्या आठवड्यात एकही जेवण टाळायचं नाही आणि साडेचारला दही, अंडं किंवा दाणे असं काहीतरी प्रथिनांचं खायचं. गोडावर बंदी घातली नाही. ते जेवणानंतर, ताटलीत घेऊन, बसून खायचं. पुढच्या चक्रात गोड खावंसं वाटलं, पण पाकीट एकदाही संपलं नाही. "भूक लागली होती, एवढंच होतं ते," ती म्हणाली आणि रडली.

मात्र ही ओढ महिनाभर राहत असेल, खाताना थांबताच येत नसेल किंवा लपूनछपून खाल्लं जात असेल, तर प्रश्न वेगळा असतो. पाळीआधी मन इतकं खचत असेल की कामं अडतात, जगणं नकोसं वाटतं, तर वही घेऊन लगेच डॉक्टरांकडे जा. पाळी येताच ते मळभ दरवेळी हटतं का, हे ते आधी विचारतील, आणि त्याचं उत्तर तारखांसकट तुमच्या हातात असेल.